वर्षांक एक, नऊ की आठ?

*ताई, नमस्कार. माझी जन्मतारीख १७ ऑक्टोबर १९८८. मी घरी ब्लाउज शिवते, महिन्याला पन्नासेक होतात. बाजारपेठेतला एक गाळा मे महिन्यात रिकामा होतोय. भाडं ९,००० रुपये, डिपॉझिट ५०,०००. २०२६चा माझा वैयक्तिक वर्षांक एकांनी १ काढला आणि म्हणाले, "नवं सुरू करायचं वर्ष आहे, घेऊन टाका." दुसऱ्या बाईंनी ९ काढला आणि सांगितलं, "ऑक्टोबरपर्यंत नव्या कशाला हात लावू नका." मोबाइलवर पाहिलं तर तिथे ८ आला. एकाच माणसाचे तीन आकडे कसे? महिन्याचा अंक कसा काढतात आणि त्यावरून वर्ष खरंच आखता येतं का? मुलगी जूनमध्ये दहावीत जाईल, तेही डोक्यात आहे.*
*– एक वाचक, सांगली*

नमस्कार.

आधी तो आठ बाजूला काढू, कारण तो वर्षांक नाहीच. वर्षांक काढताना जन्माचा दिवस, जन्माचा महिना आणि *चालू* वर्ष यांची बेरीज करतात. मोबाइलवर बहुधा चालू वर्षाच्या जागी जन्मवर्ष धरलं गेलं. १ + ७ + १ + ० + १ + ९ + ८ + ८ = ३५, आणि ३ + ५ = ८. हा तुमचा भाग्यांक झाला. तो जन्मभर बदलत नाही. पुढे कुठे शंका आली तर २०२७ घालून पाहा. वर्ष बदलूनही उत्तर तेच राहिलं, तर वर्षांकाऐवजी दुसरंच काही मोजलं जातंय असं समजा.

आता खरी बेरीज. १७चे १ + ७ = ८. ऑक्टोबर दहावा महिना, म्हणून १ + ० = १. २०२६चे २ + ० + २ + ६ = १०, म्हणजे १. तिन्ही मिळून ८ + १ + १ = १०, म्हणजे १. पहिल्या गृहस्थांचा आकडा हा.

दुसऱ्या बाईंचंही गणित चुकलेलं नाही. त्या वर्ष वाढदिवसापासून वाढदिवसापर्यंत धरतात. त्यांच्या लेखी १७ ऑक्टोबर २०२६पर्यंत तुमचं २०२५चंच वर्ष चालू आहे. २०२५चे २ + ० + २ + ५ = ९, आणि ८ + १ + ९ = १८, म्हणजे ९. वाढदिवशी तो बदलून १ होईल. नऊ अंकांचं हे चक्र १ला सुरू होतं आणि ९ला संपतं. म्हणून एका पद्धतीतला "आवरतं घ्या" आणि दुसऱ्या पद्धतीतला "सुरू करा" हे दोन सल्ले तुमच्या बाबतीत नेमके समोरासमोर आले.

असा घोळ आपल्याकडे वारंवार होतो, त्यालाही कारण आहे. नऊ वर्षांचं वैयक्तिक चक्र हे विसाव्या शतकातल्या अमेरिकी अंकशास्त्रातून आलं, आणि तिथे बरेच जण जानेवारी ते डिसेंबर असंच वर्ष धरतात. आपल्या ज्योतिषात मात्र वर्षफळ वाढदिवसापासून मांडायची जुनी रीत आहे. सूर्य जन्माच्या वेळच्या अंशावर परत आला की नवं वर्ष. आपल्याकडचे अनेक अंकशास्त्री आधी ज्योतिष शिकलेले असतात, त्यामुळे ती सवय ते इथेही आणतात. दोन्ही रिती चालतात. कोणती खरी हे ठरवणारं न्यायालय नाही.

मी स्वतः कॅलेंडरचं वर्ष धरते, कारण मासांक कॅलेंडरच्या महिन्यावरून निघतो आणि वाढदिवसाची रीत घेतली की एका महिन्याचे दोन तुकडे पडतात. तुमचाच ऑक्टोबर पाहा. १ ते १६ तारखेपर्यंत ९ + १ = १०, म्हणजे १; आणि १७पासून १ + १ = २. दसऱ्या-दिवाळीच्या ऐन गर्दीत मशीनवर बसलेल्या बाईने महिन्याच्या मध्यात अंक बदलत बसायचं का? आखणीसाठी कॅलेंडरचं वर्ष सुटसुटीत पडतं. तुम्ही वाढदिवसाची रीत घेतलीत तरी माझी हरकत नाही, मात्र मग नऊच्या नऊ वर्षं तीच ठेवा. मनासारखं उत्तर देईल ती रीत त्या वेळेपुरती उचलायची, ही मला या विषयात दिसणारी सर्वांत मोठी चूक आहे. तसं केलं की अंक तुम्हाला काही सांगत नाही. तुम्हीच त्याच्या तोंडून बोलता.

एक गोष्ट आईला जरूर विचारा: जन्म मध्यरात्रीनंतरचा तर नाही ना? पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, म्हणून पहाटे दोनला जन्मलेल्या मुलीला घरचे "सतराच्या रात्रीची" म्हणतात. इंग्रजी तारीख मात्र मध्यरात्रीच बदलते आणि हे गणित इंग्रजी तारखेवर चालतं. तसं असेल तर तुमची तारीख १८ होईल, बेरीज ९ + १ + १ = ११, म्हणजे २ येईल, आणि खाली लिहिलेला प्रत्येक महिना एका अंकाने पुढे सरकेल. घरातल्या मोठ्यांचे अंक काढणार असाल तर शाळेच्या दाखल्यावरची तारीखही तपासा. कितीतरी दाखल्यांवर १ जून लावलेली असते, ती शाळाप्रवेशाच्या सोयीसाठी.

तुमची तारीख १७च आहे असं धरून पुढे जाते.

मासांक काढायला वर्षांकात महिन्याचा क्रमांक मिळवायचा, इतकंच. तुमचा वर्षांक १ आहे, म्हणून जानेवारी २, फेब्रुवारी ३, मार्च ४, एप्रिल ५, मे ६, जून ७, जुलै ८, ऑगस्ट ९. सप्टेंबरला १ + ९ = १०, म्हणजे १. मग ऑक्टोबर २, नोव्हेंबर ३, डिसेंबर ४.

या ओळीत दोन गोष्टी दिसतील. सप्टेंबरचा अंक वर्षांकाइतकाच आला. तो सगळ्यांचाच तसा येतो, कारण नऊ मिळवून अंकांची बेरीज केली की मूळ अंक परत येतो. म्हणून सप्टेंबरला वर्षाचा सूर सर्वांत ठळक लागतो असं मानतात. दुसरं असं की ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचेच अंक पुन्हा घेऊन येतात. मला या पद्धतीतला सगळ्यात उपयोगी भाग हाच वाटतो. वर्षाच्या सुरुवातीला जो विषय हाती घेतला, तो शेवटी परत समोर येतो आणि तुलना करता येते.

वर्ष उलटताना तुम्ही एकदा गोंधळाल, म्हणून आधीच सांगते. डिसेंबर २०२५चा तुमचा मासांक ९ + ३ = १२, म्हणजे ३ होता, आणि जानेवारी २०२६चा २. अंक पुढे जायच्या ऐवजी एकाने मागे आला. ही चूक नाही. दर जानेवारीला हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, कारण वर्षांक एकाने वाढतो आणि महिन्याचा क्रमांक बारावरून एकवर येतो.

आता गाळ्याकडे येऊ. अंकांचे अर्थ मी थोडक्यात, गरजेपुरतेच सांगते. परंपरेत १ म्हणजे सुरुवात, ४ म्हणजे पाया आणि शिस्त, ७ म्हणजे आत वळून शिकणं, ८ म्हणजे पैसा आणि व्यवहार, ९ म्हणजे जुनं हातावेगळं करणं. बाकीचे ओघात येतील.

मार्च तुमचा ४चा महिना. त्या महिन्यात एकच काम मनापासून करा: वही. गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात किती ब्लाउज झाले, अस्तराचे किती, साधे किती, पिको-फॉलच्या किती साड्या, उधारी कोणाकडे किती. मग भाड्याचा हिशेब मांडा. समजा, अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ४०० रुपये आहे आणि त्यात अस्तर, दोरा, हुक, वीज धरून १०० जातात. हातात ३०० उरतात. म्हणजे ९,००० रुपये भाडं फेडायला महिन्याला ३० ब्लाउज लागतील. आज तुमचे पन्नास होतात. गाळ्यामुळे गिऱ्हाईक वाढलं नाही तर त्यातले तीस मालकाचे आणि वीस तुमचे. तुमचे दर वेगळे असतील तर तेच घाला, पण आकडा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे काम कोणत्याही महिन्यात करता येतं. मार्चच्या चारने एवढंच होतं की ते अमुक तारखेच्या आत व्हायचं ठरतं.

एप्रिल ५चा, म्हणजे हिंडण्या-फिरण्याचा आणि बदलाचा. मेमध्ये रिकामा होणाऱ्या गाळ्याखेरीज आणखी दोन-तीन बघून या. तो रस्ता संध्याकाळी कसा चालतो, शेजारी साड्यांचं दुकान आहे का, कपडे बदलून माप घ्यायला आडोसा करता येईल का. एप्रिलमध्ये लग्नसराईचं कामही असेल, तेव्हा दुपारचा एखादा तास काढावा लागेल.

मेबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. गाळा मेमध्ये मोकळा होतोय आणि २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात लग्नं थांबतात. त्यामागून पाऊस, मग चातुर्मास. मे अखेरीला गाळा घेतलात तर ऐन मंदीचे तीन महिने भाडं भरत बसाल, म्हणजे २७,००० रुपये. तुमच्या वहीत जूनला शाळेच्या गणवेशाचं काम दिसत असेल तर गोष्ट वेगळी, नसेल तर ही रक्कम खिशातूनच जाणार. अंकांच्या रितीनेही मे ६चा येतो, घरचा आणि जबाबदारीचा. मुलीची सुट्टी आहे, दहावीचा क्लास, वह्या-पुस्तकं, फी हे सगळं तेव्हाच समोर येईल. इथे अंक आणि धंदा दोघंही थांबा म्हणत आहेत. पण मी थांबा म्हणते ते अधिक महिन्यामुळे आणि वहीमुळे. मासांक ६च्या ऐवजी १ असता तरी मी हेच लिहिलं असतं.

मालकाला विचारा, थोडी बयाणा रक्कम घेऊन ऑगस्टपर्यंत गाळा राखून ठेवाल का. तो नाही म्हणाला आणि जागा खरोखर मोक्याची असली, तर तीन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट मिळून ७७,००० रुपये कर्ज न काढता बाजूला आहेत का ते पाहा. असतील तर मेमध्येही घ्या. चांगली जागा केवळ मासांक जुळत नाही म्हणून सोडू नका.

जून ७चा. मुलगी अभ्यासाला बसेल, तुमच्याकडे काम कमी असेल. आरी वर्क येत नसेल तर शिकून घ्या. लग्नाच्या ब्लाउजला त्याची मागणी असते आणि दरही वेगळा मिळतो. जुलै ८चा, तेव्हा पैशांचे व्यवहार: मालकाशी अखेरची बोलणी, भाडेकरार, त्याची नोंदणी, शॉप अ‍ॅक्टचं काम. ओव्हरलॉक मशीन घ्यायचं असेल तर तेही याच महिन्यात ठरवा. ऑगस्ट ९चा, आणि हा महिना गाळून चालणार नाही असं मी आग्रहाने सांगेन. घरात अडकून पडलेले जुने ब्लाउज, दुरुस्तीला येऊन राहिलेले, उधारी, उरलेल्या अस्तरांचे गठ्ठे, सगळं निकाली काढा. नव्या जागेत जुनी थकबाकी नेली की पहिल्याच महिन्यात गिऱ्हाइकाला तारखा चुकवाव्या लागतात.

मग सप्टेंबर. वर्षांक १, मासांकही १. १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे, आणि अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष लागतो, जो ११ ऑक्टोबरच्या घटस्थापनेपर्यंत चालतो. तुमच्या घरी पितृपक्ष पाळत असतील तर गणपतीतले दहा-बारा दिवस तुमच्या हातात आहेत. त्या दिवसांत दुकान उघडलंत की घडी बसवायला दोन-तीन आठवडे मिळतात आणि नवरात्रीला गिऱ्हाईक येतं तेव्हा मशीन, कपाट, मापाची वही जागेवर असते. वाढदिवसाची रीत धरणाऱ्या बाई तुम्हाला दसऱ्याला, २० ऑक्टोबरला उघडा म्हणतील. मुहूर्त म्हणून दसरा उत्तम, पण ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे. दिवाळीचे ब्लाउज अंगावर असताना सामान हलवणं मला परवडणारं वाटत नाही.

ऑक्टोबरला अंक आणि तुमचा धंदा यांचं पटणार नाही. २चा महिना संथ, धीराचा मानतात. तुमचा ऑक्टोबर रात्री एकपर्यंत जागायचा. अशा वेळी अंकाला धंद्यापुढे नेऊ नका. २चा दुसरा अर्थ जोडीदार, मदतनीस असा आहे, तो घ्या: हुक, तुरपाई आणि पिको-फॉलला एखादी मुलगी हाताखाली ठेवा. आणि तिची बोलणी जानेवारीतच करून ठेवा, कारण तोही २चाच महिना. नोव्हेंबर ३चा, लोकांपर्यंत पोचायचा. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई उघडते, तेव्हा गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर तुमच्या कामाचे फोटो पोचायला हवेत. डिसेंबर पुन्हा ४चा. मार्चची वही उघडून शेजारी डिसेंबरची ठेवा.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. या अंकांमुळे गोष्टी घडतात, असा पुरावा मला आजवर कुठे मिळालेला नाही, आणि तसं मी कोणाला सांगतही नाही. साधा विचार करा: अंक नऊच आहेत, म्हणजे साधारण दर नवव्या माणसाचा २०२६चा वर्षांक १ आहे. ऑक्टोबरच्या ८, १७ आणि २६ तारखेला जन्मलेल्या सगळ्यांचा तर आहेच. त्या सगळ्यांनी दुकान उघडावं असं काही नाही. आखणीला त्याचा उपयोग होतो तो असा की प्रत्येक महिन्याला एक विषय मिळतो. सगळी कामं एकदम छातीवर येत नाहीत आणि ऑगस्टमधल्या आवराआवरीसारखं कंटाळवाणं कामही एका महिन्याच्या नावावर लागतं.

पडताळून पाहायचं असेल तर त्याची एक रीत सांगते. २०१७ ते २०२५ या नऊ वर्षांतल्या दोन-दोन मोठ्या घटना आधी कागदावर लिहा, आणि नंतरच शेजारी वर्षांक मांडा. तुमचं २०१७ हे १चं होतं, २०१८ हे २चं, असं करत २०२५ हे ९चं. क्रम उलटा करू नका. अंक आधी कळला की आठवणही त्याच्या बाजूने झुकते. २०१७ला काहीतरी सुरू झाल्याचं सापडतंच. न जुळलेली वर्षंही कागदावर ठेवा.

आणि ऑपरेशन, औषधोपचार, मुलीच्या परीक्षेचे अर्ज, कर्जाचे हप्ते यांच्या तारखा मासांकावर कधीही हलवू नका. ९चा महिना आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या एका घरी त्या ढकलण्याचं फार वाईट झालं.

२०२७चा विषय आत्ताच सांगते, नाहीतर वर्षअखेरीला पुन्हा तीन आकडे घेऊन बसाल. २०२७चे २ + ० + २ + ७ = ११. काहीजण ११ला मास्टर अंक म्हणून तसाच ठेवतात, मग ८ + १ + ११ = २०, म्हणजे २. काहीजण आधी त्याचे २ करतात, मग ८ + १ + २ = ११ येतात, आणि ते म्हणतील तुमचं वर्ष ११चं, फार मोठं. एकाच तारखेतून ११ येतो की २, हे केवळ बेरीज कोणत्या टप्प्यावर थांबवली त्यावर अवलंबून आहे. म्हणून आखणीत मी ११ धरत नाही, २च धरते. तुमच्या घरी २०२७चे पहिले महिने मुलीच्या दहावीच्या परीक्षेचे आहेत. तेव्हा दुकानात तुमच्या जागी कोण बसेल, हे मदतनीस ठरवतानाच तिच्याशी बोलून घ्या.